आबांसमोर न ओढलेली विडी

आमच्या भागात मोठ्या माणसांसमोर कुणी विडी ओढत नाही. पन्नाशीचा बाप्यासुद्धा बाप दिसला की जळती विडी मुठीत दाबतो, तळहात भाजला तरी तोंडातून 'हाय' काढत नाही. बापालाही ते कळतं, पण तो दुसरीकडं बघतो. यालाच आमच्याकडं मानमर्यादा म्हणतात. लहानपणी मला हे फार छान वाटायचं. डॉक्टर झाल्यावरही बरीच वर्षं छानच वाटत होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, काटेवाडीला दिलेली. तिचा नवरा म्हणजे माझे दाजी. कालव्याखालची त्यांची जमीन, थोडा ऊस आणि बाकी सगळी तरकारी. मेथी, वांगी, कांदा बैलगाडीत भरून बारामतीच्या बाजाराला आणायचे. पाण्याची पाळी पुष्कळदा रात्रीची यायची. मी पुण्याला डॉक्टरकी शिकत होतो, सुट्टीत आक्काकडं गेलो की दाजींबरोबर पाणी धरायला जायचो. दाजी खोऱ्यानं दारं मोडायचे, पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचे आणि वाफा भरेपर्यंत बांधावर बसून विडी पेटवायचे. पहिली विडी मला त्यांनीच दिली. मी खोकून खोकून लाल झालो तेव्हा ते पोट धरून हसले. म्हणाले, "डाक्टर होनार म्हनं! ह्यो काय फेफडी तपासनार?" पुढं मला सिगारेटची सवय लागली. मी त्यांना सिगारेट द्यायचो, पण त्यांना ती फिकी लागायची. आम्ही मेव्हणे-दाजी शेजारी बसून आपापलं ओढायचो आणि घरी जायच्या आधी कालव्यात चुळा भरायचो.

कारण घरी आबा होते. दाजींचे वडील. गळ्यात माळ, सत्तरी ओलांडलेली, पाठ अजून ताठ. त्यांनी आयुष्यात तंबाखूला हात लावलेला नव्हता आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. पारावर बसून सांगायचे, "आमच्या घरात तीन पिढ्या कुनी इडी वडली न्हाय." त्या वेळी दाजी शेजारी मान खाली घालून दोरखंड वळत असायचे. मी असलो तर मीही बुटांकडं बघायचो. आबांच्या त्या वाक्याला माझाही आधार होता म्हणायचा.

पुढं मी बारामतीत दवाखाना घातला. बाजाराच्या दिवशी इंदापूरलाही मोटारस्टँडजवळ एका खोलीत बसायचो. एका पौषात दाजी खोकत आले. अंगात ताप, डाव्या बाजूला वरच्या भागात दुखतंय, थुंकी पिवळी. पाठीवर बोटं वाजवून बघितलं तर डावीकडं वर भरीव, दगडी आवाज. नळी लावली तर श्वास पोकळ नळीतून आल्यासारखा. न्यूमोनिया. मी पेनिसिलीनच्या सुया लावल्या, रोज सायकलवर काटेवाडीला जाऊन टोचल्या. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरला. दाजी म्हणाले, "डाक्टर, तुमच्या सुईत दम हाय." आक्कानं मला पुरणपोळी घातली. मीही खुशीत परत आलो.

माघ संपता संपता दाजी परत आले. तोच ताप, तोच खोकला, आणि बोटं वाजवली तर भरीव आवाज अगदी त्याच जागी. एक बोटही इकडं-तिकडं नाही. परत पेनिसिलीन. परत ताप गेला. पण या खेपेला ताप जाऊनही छातीतला आवाज बदलला नाही. न्यूमोनिया पिकतो तसा सुटतोही. म्हाताऱ्या माणसाला थोडे दिवस जास्त लागतात, पण हळूहळू मोकळं व्हायला लागतं. दाजींचं मोकळं होत नव्हतं. धोतर कंबरेला दोन वेढे जास्त बसायला लागलं होतं. एकदा थुंकीत रक्ताची रेघ आली, ती त्यांनी पायानं मातीत घासून टाकली. आक्कानं बघितली म्हणून मला कळलं.

त्या काळी आमच्या भागात कुणाची छाती महिनाभर खोकत राहिली, वजन उतरलं, थुंकीत रक्त आलं की एकच शब्द मनात यायचा. क्षय. माझ्याही मनात तोच आला. दवाखान्यात माझा एक जुना सूक्ष्मदर्शक होता. सकाळची थुंकी वेगवेगळ्या दिवशी तीनदा मागवून, काचेवर पसरून, रंगवून मी स्वतः तपासली. जंतू दिसले नाहीत. म्हटलं, दिसत नाहीत म्हणजे नाहीतच असं थोडंच आहे? पुण्याला एक नामांकित छातीचे डॉक्टर होते, त्यांच्याकडं फोटो काढायला पाठवलं. चिठ्ठीत ताप, थुंकी, सुया सगळं लिहिलं. विडीचं लिहिलं नाही. विचारतीलच, असं वाटलं. शिवाय खरं सांगायचं तर ते लिहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. बांधावरची विडी ही बांधावरची गोष्ट होती, तिला मी कधी दवाखान्यात आणली नव्हती.

मला त्या दिवशी दवाखाना सोडता आला नाही. आबाच लेकाला घेऊन गेले. बारामतीची छोटी गाडी दौंडपर्यंत, तिथून मोठी गाडी. दोन दिवसांनी परत आले ते क्षयाची औषधं घेऊन. स्ट्रेप्टोमायसिनच्या सुया, गोळ्या आणि ती मळमळ आणणारी पांढरी पावडर. सुया टोचायचं काम माझ्याकडंच आलं.

घरात दाजींचं ताट वेगळं झालं, तांब्या वेगळा झाला. आक्कानं पोरांना ओसरीवर निजवायला सुरुवात केली. आबांनी गावात सांगितलं, हिवताप हाय, जाता जाईना. तसं सांगायला कारणही होतं. थोरल्या पोरीचं, म्हणजे माझ्या भाचीचं, निरवांगीला जमत आलं होतं. क्षयाच्या घरात सोयरीक कोण करणार? एका बाजारी निरवांगीचा तो होणारा व्याही इंदापूरला माझ्या खोलीत येऊन बसला. चहा घेतला, हवापाण्याचं बोलला आणि मग हळूच म्हणाला, "तुमच्या दाजींचं काय म्हनतंय? लोकं काय बी बोलत्यात." मी म्हणालो, छातीत कफ साठलाय, औषध चालू आहे. तो माझ्याकडं बघत राहिला. डॉक्टर खोटं बोलत नाही यावर त्याचा विश्वास होता आणि मी ते ओळखून बोलत होतो. तो गेल्यावर मी खिडकीत उभा राहून दोन सिगारेटी ओढल्या.

तीन महिने सुया झाल्या. दाजी वाळत चालले. ताप मधूनमधून यायचाच. आता आणखी एक झालं, त्यांचा आवाज बसला. आधी वाटलं सर्दीनं. पण सर्दी गेली आणि आवाज बसलेलाच. बैलांना हाक मारायचे ती शेजारच्या शेतात ऐकू जायची, ती आता शेजारच्या वाफ्यात जाईना. आणि एकदा सुई टोचताना त्यांचा हात माझ्या हातात होता तेव्हा माझं लक्ष बोटांकडं गेलं. बोटांची टोकं फुगीर झाली होती, नखं पोपटाच्या चोचीसारखी वळली होती. हे जुनं नव्हतं. बांधावर त्या हातानं मला किती विड्या दिल्या होत्या, ते हात मला पाठ होते.

या वेळी मी स्वतः पुण्याला घेऊन गेलो. आबा आलेच. लेकाला एकट्याला पाठवायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाऊसपाणी झालं होतं, गाडीत आबा पिकाचं बोलत होते. दाजी खिडकीला डोकं टेकून बसले होते. दौंडला गाडी बदलताना आबा पाणी प्यायला नळावर गेले, तेवढ्यात दाजी फलाटाच्या टोकाला जाऊन आले. परत आले तेव्हा वास येत होता. मीही मागच्या बाजूला जाऊन आलो होतो.

छातीच्या डॉक्टरांनी नवा फोटो काढला. जुना आणि नवा दोन्ही दिव्यासमोर लावले. बराच वेळ बघत राहिले. मग मला जवळ बोलावून दाखवलं. तीन महिन्यांपूर्वीचा डाग तिथल्या तिथंच. उलट दाट झाला होता. आणि त्याच्या आतल्या बाजूला, फुप्फुसाच्या मुळाशी, एक फुगवटा. डॉक्टर इंग्रजीतून बोलायला लागले, मग आबांकडं बघून मराठीवर आले. भला माणूस होता.

"क्षय असता तर औषधानं काहीतरी फरक पडायला हवा होता," ते म्हणाले. "थुंकीत जंतूही नाहीत. एकाच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतो, ताप जातो आणि डाग जात नाही, म्हणजे तिथं जाणारी नळीच आतून अडली आहे का, हे बघायला लागतं." मग त्यांनी आपला जुना कागद वर धरला. "वय अठ्ठेचाळीस. धूम्रपान नाही, असं लिहिलंय मी. ओढत असते तर पहिल्याच वेळी मी औषधावर इतके दिवस थांबलो नसतो. पण तुम्ही ओढत नाही म्हणालात." त्यांनी दाजींकडं बघितलं. "नाही ना ओढत?"

दाजी त्या खुर्चीवर बसले होते, अंगातली बंडी काढलेली, बरगड्या मोजाव्यात अशा. मागं आबा उभे होते, लेकाच्या उघड्या खांद्यावर हात ठेवून. दाजींच्या तोंडातून काही निघण्याआधीच आबा बोलले, "न्हाय साहेब. आमच्या घरात तीन पिढ्या कुनी इडी वडली न्हाय." आणि दाजी त्या बसलेल्या आवाजात म्हणाले, "न्हाय."

पहिल्या वेळी काय झालं असेल ते मला त्या क्षणी कळलं. हेच झालं होतं. ह्याच खोलीत, खांद्यावर हाच हात.

आता मी काय करायला हवं होतं ते एखादं पोरही सांगेल. आबांना म्हणायचं, आबा, बाहेर औषधवाल्याकडं जाऊन या, किंवा डॉक्टरांना म्हणायचं, जरा दोन मिनिटं आत येता का. डॉक्टर म्हणून रोज मी असं करत होतो. सासूला बाहेर घालवून सुनेला विचारायचो, बापाला बाहेर बसवून पोराला विचारायचो. पण त्या वेळी मला राग आला. आबांच्या त्या तीन पिढ्यांचा राग आला, दाजींच्या 'न्हाय'चा राग आला, आणि तीन महिने सुया टोचणाऱ्या माझाही. मी म्हणालो, "ओढतात. तीस वर्षं झाली. दिवसाला विड्यांचा एक कट्टा तरी."

आबांचा हात दाजींच्या खांद्यावरून निघाला. दाजींनी मान इतकी खाली घातली की मणक्याचे मणी दिसायला लागले. त्यांनी बंडी उचलली आणि ती घालायची सोडून नुसती मांडीवर धरून बसले. उघड्या अंगावर कपडा घेण्याचीही त्यांना लाज वाटत होती की काय, कुणास ठाऊक. आणि माझ्या कोटाच्या आतल्या खिशात सिगारेटचं पाकीट होतं. मी बोलताना हात छातीशी नेला होता, तो त्या पाकिटावरच होता. ते मला आजही हाताला जाणवतं.

डॉक्टर मला म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं?" मी हो म्हणालो. त्यांनी वळून दोन्ही फोटो दिव्यासमोरून काढले, रागावले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं मला एकट्याला म्हणाले, "एक गोष्ट लक्षात ठेवा. चाळिशी ओलांडलेला, ओढणारा माणूस आहे, न्यूमोनिया महिना-दीड महिन्यात सुटत नाही किंवा त्याच जागी परत येतो, तर तो नुसता न्यूमोनिया म्हणून सोडायचा नाही. कॅन्सर नाही हे दिसेपर्यंत कॅन्सर धरूनच चालायचं. रक्त, वजन, बोटं, बसलेला आवाज, ही सगळी वाट दाखवत असतात. आणि पेनिसिलीननं ताप गेला म्हणून फसायचं नाही. अडलेल्या नळीच्या मागं पू होतो, तो औषधानं तेवढ्यापुरता बरा होतो. अडसर तिथंच राहतो."

दाजींना हे समजवायला मला फार त्रास पडला नाही. संध्याकाळी धर्मशाळेत मी म्हणालो, चारीत काडीकचऱ्याचा बोंधा अडकला की पुढं पाणी जात नाही आणि मागं कुजतं, तसं झालंय. ते म्हणाले, "मग बोंधा काडायचा." मी म्हणालो, आधी दुर्बीण घालून बघायचं, काढता येतो का ते ठरवायचं. ते भिंतीकडं बघून म्हणाले, "डाक्टर, तितंच सांगायचं व्हतं व्हय? आबांम्होरं?"

आबा तिकडच्या कोपऱ्यात बसले होते. त्यांनी रात्री जेवण घेतलं नाही. लेकाला ते एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं रागावलेत. दुसऱ्या दिवशी गाडीत ते माझ्याशी बोलले, तेही खिडकीबाहेर बघत. "तीस वरसं माझ्याच बांधावर धूर निघत व्हता, अन् मी पारावर बसून लोकान्ला सांगत व्हतो. लोकं हसत असत्याल की वो मला." दाजी समोरच्याच बाकावर होते. त्यांनी डोळे मिटून घेतले, पण झोपले नव्हते.

दुर्बिणीची तपासणी मुंबईला मोठ्या इस्पितळात झाली. घशातून लोखंडी नळी आत घालून बघतात, माणसाला ते फार जड जातं. डाव्या वरच्या नळीच्या तोंडाशी गाठ होती. तुकडा काढून तपासला, कॅन्सरच निघाला. तिथल्या सर्जननं सांगितलं, स्वरयंत्राची डावी बाजू हलत नाही. तिकडं जाणारी शीर छातीतून खाली जाऊन वळसा घालून वर येते, ती गाठीनं धरली आहे. म्हणून आवाज बसला. म्हणजे रोग फुप्फुसाच्या बाहेर गेलाय, आता कापून उपयोग नाही. मी विचारलं, तीन महिन्यांपूर्वी? तो म्हणाला, तेव्हा आवाज चांगला होता ना? मग कदाचित. एवढंच तो म्हणाला. त्या 'कदाचित'वर मी मनात किती वर्षं चकरा मारल्या, ते सांगण्यासारखं नाही.

विजेचे, म्हणजे किरणांचे, शेक दिले तिथं. त्यानं खोकला थोडा हलका झाला, थुंकीतलं रक्त थांबलं. मग आम्ही काटेवाडीला परत आलो.

क्षय नाही म्हटल्यावर दाजींचं ताट परत सगळ्यांत आलं. आक्कानं त्यांचा वेगळा तांब्या घासून फळीवर ठेवून दिला आणि रडली. निरवांगीचे व्याही भेटायला आले, त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांगा, क्षय न्हाय ना?" मी म्हणालो, नाही. ते मोकळेपणानं म्हणाले, "मग चांगलं झालं." सोयरीक पक्की झाली. त्या माणसाला मी पुढचं सांगितलं नाही.

आबांचं आणि दाजींचं बोलणं मात्र सुरळीत झालं नाही. आबा लेकाजवळ बसायचे, पाय चेपायचे, दूध पाजायचे, पण दोघं एकमेकांकडं बघत नसत. दाजी तर आबा आले की अंगावर पांघरूण ओढून घ्यायचे. जिवाला लागलेला रोग त्यांना जितका लागला नाही, तितकी ती लाज लागली होती. आक्का मला म्हणाली, "अरे, ह्यास्नी सपनात बी आबाच दिसत्यात. म्हनत्यात, माळकरी बापाम्होरं खोटं बोललो."

एके दिवशी मी गेलो तर आबांनी भिंतीतल्या कोनाड्यात विडीचा कट्टा आणि काडेपेटी ठेवलेली. कुठून आणली असेल, कुणाला सांगून आणली असेल, देव जाणे. ज्या माणसानं विडीच्या दुकानाची पायरी कधी चढली नाही तो सत्तरीत ती चढला. मला म्हणाले, "आता काय व्हायचंय ते व्हनारच. त्येला वडू द्या." आणि लेकाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "मी कालव्याकडं चाललोय. पाळी हाय. लई वेळ लागंल मला." काठी घेऊन निघूनही गेले. त्या दिवशी काही पाण्याची पाळी नव्हती.

दाजी त्या कट्ट्याकडं बघत राहिले. हात लावला नाही. मी म्हणालो, "दाजी, पेटवून देऊ का?" ते मान हलवून नाही म्हणाले. विडीची हौस त्यांना उरली नव्हती असं नाही. मला ते ओठ माहीत होते. आबा परत आले तेव्हा कट्टा तसाच होता. त्यांनी तो बघितला आणि बैलांना वैरण टाकायला गेले. तो कट्टा शेवटपर्यंत कोनाड्यात होता.

शेवटचं जे आठवतं ते दिवाळीनंतरचं. दाजींना गोठ्यासमोर उन्हात बाजेवर टेकवून बसवलं होतं. आवाज आता कुजबुज झाला होता, ऐकायला वाकावं लागायचं. आबा पायथ्याशी बसले होते, आक्का सुपात मेथी निवडत होती. मी दाजींची नाडी बघितली, काही करण्यासारखं नव्हतं म्हणून जरा जास्तच वेळ बघितली. मग उठलो. सायकल घेतली. आबा मला वाटेपर्यंत घालवायला उठले, आणि उठता उठता थांबून म्हणाले, "डाक्टर, येक इचारू का?"

मी म्हणालो, विचारा की आबा.

"तुमी तरी न्हाय ना वडत?"

त्यांच्या विचारण्यात कसलाही पेच नव्हता. म्हाताऱ्या माणसाला घरातला एक तरी पोरगा धड आहे एवढं ऐकायचं होतं. आक्काचे हात सुपातच थांबले. तिला माहीत होतं. दाजी माझ्याकडं बघत होते. पुण्याच्या त्या खोलीनंतर ते पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघत होते.

माझं पाकीट कोटाच्या आतल्या खिशात आहे, हे त्यांना माहीत होतं. मी त्यांना त्यांच्या बापासमोर उघडं पाडलं होतं, त्यांनी मला एका शब्दात उघडं पाडायला हरकत नव्हती. मला वाटलं, बोलावं यांनी. मी तोंड उघडलं. आबांची पाठ ताठ होती, डोळे माझ्यावर होते. वयानं ते माझ्या बापासारखे.

"नाही, आबा," मी म्हणालो.

आबांनी मान डोलावली, पण पुरतं समाधान झालं नसावं, कारण ते बाजेकडं वळले. लेकाकडं पहिल्यांदा सरळ बघून त्यांनी विचारलं, "खरं का रं? न्हाय ना वडत डाक्टर?"

दाजींनी दम घेतला. एवढ्याशा बोलण्यासाठी त्यांना दोनदा थांबावं लागलं.

"न्हाय, आबा," ते म्हणाले. "डाक्टरनं कवा... हात न्हाय लावला."

मी सायकलवर बसलो. मागं वळून बघितलं नाही. कालव्याच्या पुलाशी आलो तेव्हा गावाच्या बाजूनं कुणी येत नाही ना ते बघितलं, सायकल कठड्याला लावली आणि सिगारेट पेटवली.